आमच्या घरचा चमचा

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. दीड महिन्यापूर्वी मी माझ्या सासऱ्यांना आणि सासूबाईंना घेऊन आहाराचा सल्ला घ्यायला तुमच्याकडे आले होते. चोपडा तालुक्यातलं कुटुंब, सासऱ्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर 8.4, सासूबाईंचा रक्तदाब आणि माझं 9.2 हिमोग्लोबिन, एवढं सांगितलं तर कदाचित तुम्हाला आठवेल. तुम्ही कागदावर लिहीत होता आणि सासूबाईंना विचारलंत, "भाजीला तेल किती घालता?" सासूबाई म्हणाल्या, "थोडंच लागस, दोन चमचा." तुम्ही 'दोन चमचे' असं लिहिलंत आणि पुढच्या प्रश्नाकडे गेलात. मी शेजारीच बसले होते. आमच्या घरी सहा माणसांची भाजी दोन चमचे तेलात कधीच होत नाही, हे मला ठाऊक होतं, तरीही मी काही बोलले नाही. सासूबाईंना चारचौघांत खोटं पाडणं मला जमलं नाही. परतीच्या एसटीत मात्र तेच दोन शब्द मनात घोळत राहिले, आणि घरी आल्यावर चुलीजवळ उभी राहिले तरी ते सुटेनात.

तुम्ही दिलेला आहाराचा कागद आम्ही नऊ दिवस पाळला. त्यात सकाळी ओट्स होते, अकरा वाजता सफरचंद होतं, दुपारी दोन फुलके, रात्री सूप आणि शंभर ग्रॅम पनीर. दहाव्या दिवशी तो बंद पडला, आणि त्याचा दोष मी तुमच्यावर ठेवत नाही. आम्ही जे सांगितलं त्यावरून तुम्ही तो लिहिला होता आणि आम्ही जे सांगितलं ते आमचं जेवण नव्हतं. पाहुण्यांपुढे घर आवरून ठेवावं तसं आम्ही आमचं जेवण तुमच्यापुढे आवरून ठेवलं होतं. म्हणून आज हे पत्र लिहीत आहे. यात मी जे आहे तसं लिहिते, आणि त्यावरून आमच्या ऐपतीत बसेल असा नवा कागद तुम्ही करून द्यावा, ही विनंती आहे.

आधी त्या दोन चमच्यांचं सांगते. आमच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बरणीत एक पितळी पळी कायमची उभी असते. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाची ती आहे, तिचा दांडा मधोमध झिजून बारीक झाला आहे. घरात तिला सगळे चमचाच म्हणतात. शेजारच्या वहिनी बचत गटासाठी पापड करतात, त्यांचा वजनकाटा मी दोन दिवसांसाठी मागून आणला आणि पळीभर तेल तोलून पाहिलं, तर ते 35 ग्रॅम भरलं. म्हणजे सासूबाई खोटं बोलल्याच नव्हत्या. त्यांनी त्यांच्या चमच्याचं सांगितलं आणि तुम्ही तुमच्या चमच्याचं लिहिलं. कागदावर 10 ग्रॅम पडले आणि कढईत 70. मला त्या दिवशी फार हायसं वाटलं, आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, कारण एसटीत बसल्या बसल्या मी मनातल्या मनात त्यांना खोटारडं ठरवून टाकलं होतं.

मग मला वाटलं की एका भाजीचा हिशेब करून भागायचं नाही. सकाळची भाजी, डाळीची फोडणी, रात्रीची भाजी, ठेचा, पापड, कधी भजी, हे सगळं कोण मोजत बसणार? त्यापेक्षा डबा मोजणं सोपं. आम्ही सोयाबीन तेलाचा 15 किलोचा डबा आणतो. मागचा डबा फोडला तो दिवस आणि संपला तो दिवस किराणाच्या वहीत मिळाला. मध्ये 44 दिवस होते. 15,000 ग्रॅमला 44 ने भागलं तर दिवसाला साधारण 340 ग्रॅम, आणि सहा माणसांत वाटलं तर माणशी 57 ग्रॅम. माझी मुलगी दहावीला आहे, तिने राष्ट्रीय पोषण संस्थेचा तक्ता काढून दाखवला. त्यात बेताचं काम करणाऱ्या मोठ्या माणसाला दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप पुरेसं धरलं आहे. आम्ही दुपटीहून जास्त खातो. त्यात दहा वर्षांचा मुलगाही एक माणूस म्हणूनच धरला आहे, तेव्हा मोठ्यांच्या पोटात त्याहूनही जास्त जात असणार.

हे तेल जातं कुठे, तेही तुम्हाला कळायला हवं. आमच्याकडे भाजीवर तेलाचा तवंग दिसला नाही तर ती भाजी कच्ची मानतात. शेवभाजी, पातोड्यांची भाजी, डुबुकवडे या सगळ्यांचा रस्सा काळ्या मसाल्याचा, आणि तो मसाला तेल सुटेपर्यंत परतावा लागतो. हिवाळ्यात भरीत. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, बडगीत कुटलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. किलोभर वांग्यांच्या भरताला मी चार पळ्या घालते, आणि ते वाढताना ताटाच्या कडेला ओघळतं. शिवाय आठवड्यातून तीन रात्री खिचडी असते आणि तिच्यावर प्रत्येकजण कच्चं तेल ओतून घेतो. ते मी तोललं तेव्हा आबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या ताटात 18 ग्रॅम पडलं होतं. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाला गरम खिचडी, त्यावर तेल, सोबत भाजलेला बिबडा आणि कांदा, याचं किती सुख असतं हे मी रोज बघते. ते सुख काढून घेणारा कागद आमच्या घरात टिकणार नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

तेलाबाबत मला सुचलेलं असं आहे. एकदम 27 ग्रॅमवर जाऊ नये. डबा 44 दिवसांऐवजी 60 दिवस पुरवायचा, एवढंच पहिल्यांदा ठरवावं. तेव्हा माणशी 42 ग्रॅमच्या आत येऊ. त्यासाठी डब्यावर खडूने तारीख घालायची आणि दर सोमवारी पावणेदोन किलो तेल बरणीत काढून ठेवायचं. शनिवारीच बरणीचा तळ दिसला तर आठवड्यात कुठे हात सैल सुटला ते आपोआप कळतं. पळी मात्र बदलायची. काळा मसाला कमी तेलात करपतो, त्याला परतताना मधूनमधून पाण्याचा हबका द्यावा लागतो, एवढं मी करून पाहिलं आहे आणि ते जमतं. भरीत मात्र कमी तेलात कोरडं पडतं. त्यावर तुमच्याकडे काही उपाय असेल तर सांगा, नाही तर ते आठवड्यातून एकदाच करू.

आता आबांबद्दल. तुमच्या कागदात त्यांना दुपारी दोन फुलके होते. आबा तीन भाकरी खातात. "भाकरशिवाय पोट भरस नही," असं ते म्हणाले आणि पाचव्या दिवसापासून फुलके खाऊन झाल्यावर गुपचूप भाकरी मागून घेऊ लागले, म्हणजे उलट वाढच झाली. आमची भाकरी कळण्याची असते. चार भाग ज्वारी आणि एक भाग सालासकट उडीद असं एकत्र दळून आणतो, त्यात मीठही दळतानाच घालतो. दोन एकरांत ज्वारी आणि उडीद घरचेच होतात. एका भाकरीला मी 90 ग्रॅम पीठ घेते. नुसत्या ज्वारीच्या 90 ग्रॅम पिठात साधारण 9 ग्रॅम प्रथिनं असतात, कळण्याच्या पिठात अकराच्या वर जातात. ज्वारीत जे कमी असतं ते उडदातून भरून निघतं, हेही मी वाचलं आहे. मग गव्हाच्या फुलक्यावर जाण्याऐवजी कळण्याचीच भाकरी ठेवून ती तीनवरून दोनवर आणली आणि तिसरीच्या जागी घट्ट डाळीची मोठी वाटी दिली तर चालेल का? आणि रक्तदाबासाठी सासूबाईंच्या पिठात मीठ घालू नये, तर दळणच सगळ्यांचं बिनमिठाचं आणावं का? आमच्याकडे दोन दळणं वेगळी ठेवणं होत नाही.

केळ्यांचं तुम्हाला सांगितलंच नव्हतं, कारण ते आम्ही खाण्यात धरतच नाही. माझे यजमान केळी कटाईच्या कामावर जातात आणि वजनात न चालणाऱ्या फण्या घरी येतात. ओसरीत केळी कायम असतात. येता-जाता आबा एक तोडतात. आठवडाभर मी सालं मोजली, दिवसाला तीन ते चार निघाली. तुम्ही विकतचं सफरचंद लिहिलंत आणि ओसरीत फुकटची केळी पडली आहेत, तेव्हा साखरेच्या माणसाला केळं अजिबात नको असं म्हणून भागणार नाही, ते लपून खातील. माझ्या हिशेबाने एक मध्यम केळं म्हणजे आमच्या एका भाकरीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त पिष्टमय पडतं. दिवसाला एकच, तेही फार न पिकलेलं, जेवणानंतर लगेच न घेता चार वाजता चहाच्या जागी, असं ठरवून दिलं तर आबा ऐकतील, कारण ते डॉक्टरांच्या शब्दाला मानतात. माझ्या शब्दाला मानायला त्यांना थोडा वेळ लागतो.

चहाचीही अशीच गोष्ट आहे. आबा चार कप घेतात, कपाला दोन चमचे साखर, आणि हे चमचे लहान, 5 ग्रॅमचे. दिवसाची 40 ग्रॅम साखर तिथेच झाली. त्यांना बिनसाखरेचा चहा द्यावा असं तुम्ही लिहिलंत, पण आमच्याकडे चहा एकाच पातेल्यात साखर घालून उकळतो, त्यामुळे त्यांचा वेगळा करायचा म्हटलं की गॅस, भांडं आणि वेळ सगळं दुप्पट. नऊ दिवस मी तो वेगळा केला आणि दहाव्या दिवशी मीच थकले. आता मी साखर घालायच्या आधी त्यांचा कप गाळून घेते. इतकी साधी गोष्ट आधी सुचली नाही याचं नवल वाटतं. सध्या त्यात अर्धा चमचा साखर घालते, पुढच्या महिन्यात पाव करीन.

एकादशीचं मात्र मला भीतीने लिहावं लागत आहे. आबा माळकरी आहेत. महिन्याच्या दोन्ही एकादशा करतात. सकाळी गोळ्या घेऊन शेतात जातात, एक मेटफॉर्मिन आणि दुसरी ग्लिमेपिराइड, आणि दुपारी एकपर्यंत चहाखेरीज पोटात काही नसतं. मागच्या एकादशीला बांधावरच त्यांना दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, बोलणं अडखळलं. शेजारच्या शेतातल्या भाऊंनी गुळाचा खडा तोंडात घातला आणि पाणी पाजलं तेव्हा पाच-दहा मिनिटांत ते सावरले. घरी सगळे म्हणाले उन्हाने झालं. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांना मी फोन केला, तेव्हा ते म्हणाले की दुसरी गोळी उपाशीपोटी घेतली की साखर एकदम खाली जाते, उपवासाच्या दिवशी ती कशी घ्यायची ते प्रत्यक्ष येऊन ठरवू. पुढच्या एकादशीच्या आत आम्ही त्यांना भेटणार आहोत. तुमच्याकडे माझी विनंती उपवासाच्या ताटाची आहे. आमचं ते ताट म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि रात्री भगर. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, त्यामुळे सकाळी साखर खाली जाते आणि दुपारी खिचडी खाल्ली की वर उसळते. उपवास सोडा असं मी त्यांना म्हणू शकत नाही आणि म्हणणारही नाही. दही, शेंगदाणे, राजगिरा, थोडी भगर यांतून सकाळी आठ वाजता खाता येईल असं काही तुम्ही लिहून द्या. उपवासात सकाळी खाल्लेलं चालतं, हे त्यांना पटवायची जबाबदारी माझी.

आता माझ्याबद्दल. हे लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तुम्ही मला विचारलंत, डाळ खाता का, आणि मी हो म्हणाले. ते खरंच आहे, डाळ रोज होते. सहा माणसांत दीडशे ग्रॅम तूरडाळ शिजते, म्हणजे माणशी 25 ग्रॅम. त्या पोषणाच्या तक्त्यात दिवसाची डाळ-कडधान्यं 85 ग्रॅम आहेत. पण ते 25 ग्रॅमही सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. आधी आबा आणि यजमान जेवतात, मग मुलगा, मग सासूबाई. घट्ट डाळ वर वर वाढली जाते, मध्येच कोणी आलं तर तिच्यात पाणी घालून ती वाढवली जाते, आणि माझ्या वाटीला हळदीच्या रंगाचं कढत पाणी येतं. मी सात दिवस वहीत लिहिलं. त्यातल्या चार रात्री मी भाकरी, ठेचा आणि ठेच्यावर तेल एवढंच खाल्लं होतं. कोणी मला डाळ नाकारत नाही. कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि माझ्याही आलं नव्हतं. माझं वजन 46 किलो आहे, किलोला 0.83 ग्रॅम या हिशेबाने मला दिवसाला 38 ग्रॅम प्रथिनं हवीत. माझ्या वहीतल्या त्या चार दिवसांत रोजची बेरीज तिसाच्या आसपास येते, आणि त्यातलीही बहुतेक भाकरीतून.

लोहाच्या गोळ्या मला आरोग्य केंद्रातून मिळतात. तीन महिने मी त्या नियमाने घेतल्या आणि हिमोग्लोबिन 9.0 वरून 9.2 झालं. गोळी कधी घेता, हे मला आजवर कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी ती जेवण झालं की चहाबरोबर घेत होते, कारण दुपारी हात रिकामे होतात ते तेव्हाच. चहाने लोह अंगी लागत नाही, हे आता कळलं. आता गोळी रात्री झोपताना लिंबूपाण्याबरोबर घेते आणि जेवणानंतर तासभर चहा घेत नाही. महिन्याने पुन्हा रक्त तपासून तुम्हाला कळवीन.

माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. वर्षभरापासून तीही माझ्यासोबत शेवटी जेवायला बसते. "आई एकटी जेवते म्हणून," असं ती म्हणते. मला तिचं कौतुक वाटायचं. वहीत तिच्या नावापुढेही 'भाकरी, ठेचा' असं दोनदा लिहिलं गेलं तेव्हा माझा हात थांबला. त्या दिवसापासून मी डाळ शिजली की आधी सहा वाट्या भरून झाकून ठेवते आणि उरलेल्या डाळीतच पाणी घालते. सासूबाईंनी दोन दिवस ते नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझी वाटी भरून वेगळी काढून ठेवली होती, वर झाकण घालून. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. पण ही सहा वाट्यांची गोष्ट तुम्ही तुमच्या कागदावर लिहावी अशी माझी इच्छा आहे. कागदावर असलं की ती माझी मागणी राहत नाही.

खर्चाचं सांगते. रेशनवर माणशी 5 किलो म्हणजे 30 किलो गहू-तांदूळ फुकट मिळतात, ज्वारी-उडीद घरचे, थोडा भुईमूगही घरचा. बाकी किराणा, दूध आणि भाजीपाला मिळून महिन्याला साडेआठ हजारांच्या वर जाता येत नाही. या रकमेत पनीर, ओट्स आणि सफरचंद बसत नाहीत. पण तेल कमी केलं तर त्यातूनच पैसे सुटतात, हे मला या हिशेबातून दिसलं. मागचा डबा 2,250 रुपयांना पडला. तो 44 दिवस पुरतो तेव्हा महिन्याचे साधारण 1,530 होतात, 60 दिवस पुरला तर 1,125. महिन्याला चारशे रुपये सुटतात. तूरडाळ आमच्याकडे 130 रुपये किलो आहे, म्हणजे तीन किलो डाळ जास्तीची येते आणि दीडशे ग्रॅमची रोजची डाळ अडीचशेवर जाते. मठ आणि हरभरे त्याहून स्वस्त पडतात, तेव्हा त्यातली काही डाळ तशी घेतली तर आणखी थोडी पुरेल. नवे पैसे न घालता हे होतं, म्हणून यजमानांनाही लगेच पटलं. मुलांना आठवड्यातून तीन अंडी द्यायची आहेत. आबांच्या माळेमुळे ती अंगणातल्या चुलीवर वेगळ्या पातेल्यात उकडते, त्याला घरात कोणाची हरकत नाही.

एक अडचण तुमच्या लक्षात असू द्या. एप्रिल ते जून आमच्याकडे हिरवी भाजी जवळजवळ बंद होते. ऊन पंचेचाळीसपर्यंत जातं, बाजारात मेथीची जुडी कोमेजलेली आणि महाग असते. त्या दिवसांत आम्ही बेसनावर आणि वाळवणावर राहतो, पिठलं, पातोड्या, सांडगे, बिबडे. म्हणून कागद दोन करा, एक हिवाळ्याचा आणि एक उन्हाळ्याचा. हिवाळ्याचा आम्ही उन्हाळ्यात पाळू शकणार नाही, आणि एकदा मोडला की पुन्हा हातात घेतला जात नाही, हे मी त्या दहाव्या दिवशी पाहिलं आहे.

पुढच्या बुधवारी आम्ही येत आहोत. या वेळी सासूबाईंशी माझं बोलणं झालं आहे. पळीचं वजन किती भरलं ते त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ती हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या की मॅडमना दाखवू, त्यांना आपला चमचा कसा माहीत असणार. ती घासून पिशवीत घालून ठेवली आहे. सोबत माझी सात दिवसांची वही आणि आबांच्या गोळ्यांची पाकिटं आणत आहे. नवा डबा 3 तारखेला फोडला आहे, त्यावर खडूने तसं लिहिलंही आहे.

आपली नम्र,
चोपडा तालुक्यातल्या आबांची सून